ऑक्सिजन कोणत्या बाजूला शिरेल? एमसीपीबीए वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून मेटा-क्लोरोपरबेंझॉइक आम्ल, म्हणजे एमसीपीबीए, नेणाऱ्यांपैकी बरेच जण ते बायर-व्हिलिगर अभिक्रियेसाठी वापरतात. कीटोनमधल्या कार्बोनिल कार्बनाच्या शेजारी एक ऑक्सिजन शिरतो आणि कीटोनचा एस्टर होतो. कीटोन वलयातला असेल तर वलय एका अणूने मोठे होऊन लॅक्टोन मिळतो. ॲडॉल्फ फॉन बायर आणि व्हिक्टर व्हिलिगर यांनी 1899 मध्ये ही अभिक्रिया प्रसिद्ध केली. कार्बोनिलच्या दोन्ही बाजूंना सारखेच गट असतील तर प्रश्नच नसतो. ते वेगळे असले की मात्र फोन येतो: "ऑक्सिजन कुठल्या बाजूला जाणार?" हे पत्रक मुख्यतः त्या प्रश्नासाठी आहे.

आत काय घडते

परआम्ल आधी कार्बोनिल कार्बनाला जोडले जाते. या मध्यस्थ रेणूला क्रीगी मध्यस्थ म्हणतात. त्यात ऑक्सिजन-ऑक्सिजन असा एक दुबळा बंध असतो. तो तुटताना परआम्लाचा उरलेला भाग कार्बोक्झिलेट होऊन निघून जातो, आणि कार्बनाला जोडून राहिलेल्या ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांची टंचाई निर्माण होऊ लागते. त्याच क्षणी कार्बोनिल कार्बनावरचा एक गट आपल्या बंधातल्या इलेक्ट्रॉनांसह उचलून त्या ऑक्सिजनवर जाऊन बसतो. तुटणे आणि सरकणे एकाच टप्प्यात होते. म्हणूनच सरकणाऱ्या कार्बनावर किरल केंद्र असेल तर त्याची रचना जशीच्या तशी टिकते.

सरकताना त्या गटावर थोडा धनभार येतो. तो ज्याला अधिक सहज पेलतो, तो गट आधी सरकतो. अंदाजाचा सगळा पाया एवढाच आहे. तृतीयक अल्किल गट सर्वांत पुढे, त्यामागे द्वितीयक अल्किल (सायक्लोहेक्झिल यातच आला), फिनाइल आणि बेन्झिल साधारण एका पातळीवर, मग प्राथमिक अल्किल आणि सर्वांत शेवटी मेथिल. म्हणून सायक्लोहेक्झिल मेथिल कीटोनपासून सायक्लोहेक्झिल ॲसिटेट मिळते आणि ॲसिटोफिनोनपासून फिनाइल ॲसिटेट. दोन्ही बाजूंना ॲरिल गट असतील तर इलेक्ट्रॉन देणारा गट ज्याच्यावर आहे तो सरकतो. एका बाजूला पॅरा-मेथॉक्सीफिनाइल आणि दुसऱ्या बाजूला पॅरा-नायट्रोफिनाइल असेल तर मेथॉक्सीवाला ऑक्सिजनवर जातो आणि नायट्रोवाला आम्लाच्या बाजूला राहतो.

हा क्रम पाठ करण्यापेक्षा कारण लक्षात ठेवणे बरे, कारण अपवादांची वाटही त्यातूनच दिसते. सरकणारा बंध तुटणाऱ्या ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधाच्या बरोबर विरुद्ध दिशेला, एका रेषेत यावा लागतो. मोकळ्या साखळीत हे सहज जमते. ताठ द्विवलयी कीटोनमध्ये मात्र अधिक प्रतियोजित कार्बनाचा बंध कधीकधी त्या रेषेत येऊच शकत नाही, आणि मग क्रमात मागे असलेला गट सरकतो. अशा सांगाड्यासाठी नुसत्या क्रमावर भिस्त ठेवून मोठी बॅच लावू नका. आधी छोटी चाचणी घ्या.

एक उदाहरण, आकड्यांसकट

2-मेथिलसायक्लोहेक्झानोन घेऊ. कार्बोनिलच्या एका बाजूला मेथिल धारण करणारा कार्बन आहे, म्हणजे द्वितीयक गट. दुसऱ्या बाजूला साधा CH₂, म्हणजे प्राथमिक. ऑक्सिजन मेथिलवाल्या बाजूला शिरायला हवा आणि सात अणूंच्या लॅक्टोनमध्ये मेथिल ऑक्सिजनलगतच्या कार्बनावर दिसायला हवा.

कीटोन 10 मिलिमोल, म्हणजे 1.12 ग्रॅम. एमसीपीबीए 1.3 पट, म्हणजे 13 मिलिमोल. रेणुभार 172.6 धरला तर 2.24 ग्रॅम येतात, आणि इथेच सर्वाधिक घोटाळा होतो. बाजारात मिळणारे एमसीपीबीए शुद्ध नसते. ते शुद्ध कोरडे असले तर धक्क्याने स्फोट होण्याचा धोका असतो, म्हणून त्यात पाणी आणि मेटा-क्लोरोबेंझॉइक आम्ल ठेवलेले असते. 75 टक्क्यांच्या मालातून 2.24 ग्रॅम घेतले तर हाती सुमारे 9.7 मिलिमोलच परआम्ल येते, म्हणजे कीटोनपेक्षाही कमी! "अभिक्रिया अर्ध्यात अडकली" या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा हेच असते. इथे 3.0 ग्रॅम घ्यायला हवे.

बाटली उघडून बराच काळ झाला असेल तर लेबलावरच्या टक्केवारीवरही विसंबू नका. 0.20 ग्रॅम नमुना आम्ल केलेल्या पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात टाका आणि सुटलेले आयोडीन 0.1 मोलर थायोसल्फेटने अनुमापा. माल 75 टक्के असेल तर 17.4 मिलिलिटरच्या आसपास लागेल. 14 लागले तर माल 60 टक्क्यांवर आलेला आहे, मग वजन त्या हिशेबाने वाढवा.

कीटोन डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा, 1.7 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट घाला, बर्फात थंड करा आणि एमसीपीबीए थोडे थोडे टाका. मग खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि रात्रभर ढवळा. अभिक्रिया पुढे सरकते तसा पांढरा साका दाट होत जातो. ते बाहेर पडणारे मेटा-क्लोरोबेंझॉइक आम्ल आणि त्याचे क्षार आहेत, घाबरू नका. थंड करून गाळा, सोडियम सल्फाइटच्या द्रावणाने धुवा, मग बायकार्बोनेटने. कॉस्टिक सोड्याने धुण्याचा मोह टाळा, लॅक्टोनचे वलय उघडून तो पाण्याच्या थरात निघून जातो.

अंदाज बरोबर ठरला का, हे प्रोटॉन एनएमआरमध्ये लगेच कळते. अपेक्षित लॅक्टोनमध्ये ऑक्सिजनलगत एकच हायड्रोजन असतो. तो 4.4 पीपीएमच्या आसपास दिसतो आणि मेथिलचा दुहेरी संकेत 1.35 च्या आसपास. ऑक्सिजन चुकीच्या बाजूला शिरला असता तर 4.2 जवळ दोन हायड्रोजन दिसले असते. त्या भागाचे क्षेत्रफळ मेथिलच्या तीनशी ताडून पाहा, मिश्रण असेल तर तेही तिथेच उघडे पडते.

एमसीपीबीए दुसरीकडेच वळते तेव्हा

रेणूत दुहेरी बंध, सल्फाइड किंवा अमाइन असेल तर परआम्ल बहुधा आधी तिकडे जाते. कार्व्होनमध्ये कीटोन आहे, पण एमसीपीबीए दिले की बाजूच्या आयसोप्रोपेनिल गटाचा इपॉक्साइड होतो आणि कीटोन तसाच राहतो. अल्डिहाइडमध्ये बहुधा हायड्रोजनच सरकतो आणि हाती कार्बोक्झिलिक आम्ल येते. ॲरिल कीटोन फारच आळशी निघाला तर ट्रायफ्लुओरोपरॲसिटिक आम्ल अधिक जोरदार असते, पण ते डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटच्या बफरसह वापरा.

कुठलेही द्रावण रोटाव्हेपरवर चढवण्याआधी स्टार्च-आयोडाइड कागदाने तपासा. कागद निळा-जांभळा झाला तर परॉक्साइड शिल्लक आहे, सल्फाइटने पुन्हा धुवा. आणि परॉक्साइड निकामी केल्याशिवाय त्या भांड्यात ॲसिटोन ओतू नका, अगदी भांडी विसळायलासुद्धा. ॲसिटोनपासून तयार होणारे परॉक्साइड स्फोटक असतात. बाटली 2 ते 8 अंशांत फ्रीजमध्ये ठेवा आणि माल काढायला प्लास्टिकचा चमचा घ्या, धातूचा नको.