मुलांसाठी व्हायोलिन किंवा गिटारचा आकार ठरवताना: माप कोठून कोठपर्यंत घ्यावे

आमच्याकडे येणाऱ्या चौकशीत बहुतेक वेळा मुलाचे वय किंवा उंची कळवलेली असते आणि त्यावरून कोणता आकार पाठवावा, असे विचारलेले असते. वयावरून आकार सांगण्याचे आम्ही टाळतो, कारण एकाच वर्गातील दोन मुलांच्या हातांच्या लांबीत व्हायोलिनच्या एका संपूर्ण आकाराइतका फरक सहज असू शकतो. आम्हाला हवी असते ती डाव्या हाताची लांबी, आणि तीही एका ठरावीक बिंदूपर्यंत मोजलेली. हा बिंदू चुकला की चुकीचे वाद्य घरी पोहोचते, परत येते, आणि त्या प्रवासात सैल केलेल्या तारा, त्यांना खालून आधार देणारी पण घसरलेली घोडी आणि बिघडलेली जुळवणी पुन्हा नीट करण्यात आमचा आणि आपला वेळ जातो.

मुलाला सरळ उभे करून डावा हात बाजूला, खांद्याच्या उंचीवर, तळवा वर करून पूर्ण ताठ धरायला सांगावे. टेपचे एक टोक मान जेथे खांद्याला मिळते तेथे ठेवावे आणि दुसरे तळव्याच्या मध्यापर्यंत न्यावे. बहुतेक पालक टेप मधल्या बोटाच्या टोकापर्यंत नेतात, कारण हाताची लांबी म्हटले की तेच स्वाभाविक वाटते. परंतु व्हायोलिनचे तक्ते तळव्याच्या मध्यापर्यंतच्या मापावर बेतलेले असतात (काही तक्ते मनगटापर्यंतचे असतात, त्यांचे आकडे वेगळे असतात), आणि तळव्याचा मध्य व बोटाचे टोक यांत लहान मुलाच्या हातातही सुमारे दहा सेंटिमीटरचे अंतर असते.

या दहा सेंटिमीटरने काय होते ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. तळव्याच्या मध्यापर्यंतच्या मापासाठी आम्ही वापरतो ते ढोबळ आकडे असे आहेत: ४७ ते ५१ सेंटिमीटरला पाव आकार, ५१ ते ५५ ला अर्धा, ५५ ते ५८ ला पाऊण आणि त्यापुढे पूर्ण आकार. समजा, नऊ वर्षांच्या एका मुलीचे माप घरून ६२ सेंटिमीटर असे कळवले गेले. या तक्त्याप्रमाणे तिला पूर्ण आकाराचे, म्हणजे मोठ्या माणसाचे व्हायोलिन द्यावे लागेल. नऊ वर्षांच्या मुलीला पूर्ण आकार लागणे फारच दुर्मीळ असल्याने आम्ही माप पुन्हा घ्यायला सांगतो, आणि ते साडेएक्कावन्न सेंटिमीटर भरते. म्हणजे तिला अर्ध्या आकाराचे व्हायोलिन हवे. मापातील एका चुकीने उत्तर दोन आकारांनी पुढे गेले होते.

अर्धा आकार म्हणजे लांबीने अर्धा नव्हे, हेही येथे सांगायला हवे. पूर्ण आकाराच्या व्हायोलिनवर नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, घोडीपर्यंत तारेची लांबी साधारण ३२८ मिलिमीटर असते, तर अर्ध्यावर साधारण २८५. फरक लहान वाटतो, पण बोटांना तो कसा जाणवतो ते पाहावे. पहिल्या स्थितीत, म्हणजे हात नटजवळ असताना, तर्जनी मोकळ्या तारेपेक्षा एक पूर्ण स्वर वर आणि करंगळी पंचमावर पडते तेव्हा त्या दोन जागांमधले अंतर तारेच्या लांबीच्या दोन-नवमांश असते: पूर्ण आकारावर सुमारे ७३ मिलिमीटर, अर्ध्यावर ६३. हा एक सेंटिमीटर त्या मुलीच्या करंगळीला मिळत नाही. मग ती करंगळी सपाट टाकते, स्वर थोडा उतरलेला लागतो, मनगट आत कोसळून व्हायोलिनच्या मानेला टेकते आणि डावा खांदा वर उचलला जातो. शिक्षक कानाची चूक समजून तेच तेच सांगत राहतात, पण मूळ कारण वाद्याच्या लांबीत असते.

वाद्य हातात आल्यावरची खात्री अशी करावी. व्हायोलिन खांद्यावर ठेवून हनुवटीखाली धरावे आणि डावा हात व्हायोलिनच्या मानेखालून लांबवावा. तळव्यात स्क्रोल, म्हणजे व्हायोलिनच्या टोकाचा वळणदार भाग, येऊन बोटे त्याभोवती सहज वळली आणि कोपर किंचित वाकलेला राहिला, तर आकार बरोबर आहे. कोपर ताठ झाला किंवा बोटांची टोकेच स्क्रोलला लागली, तर तो मोठा आहे. माप दोन आकारांच्या सीमेवर असेल, तर आम्ही नेहमी लहान आकार सुचवतो. ‘मूल वाढेलच, मोठाच घेऊन ठेवू’ ही पालकांची काळजी आम्ही समजतो, आणि म्हणूनच आमच्याकडे जुने वाद्य परत घेऊन पुढच्या आकारावर वळती करण्याची सोय ठेवली आहे; पण आज न पोहोचणाऱ्या वाद्यावर हाताला लागलेल्या सवयी पुढे सोडवणे खरोखर कठीण जाते.

गिटारचा प्रश्न वेगळा आहे. तेथे पाऊण, अर्धा ही नावे निर्मात्यानुसार बदलतात, म्हणून नावावर न जाता तारेची लांबी पाहावी. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपर्यंत, मोजून दुप्पट केले की ती मिळते. पूर्ण आकाराच्या क्लासिकल गिटारवर ती ६५० मिलिमीटर, पाऊण म्हणून विकल्या जाणाऱ्यांवर साधारण ५७० ते ५९०, आणि अर्ध्यावर ५३० च्या आसपास असते.

येथे हाताच्या लांबीपेक्षा बोटांचा पसारा जास्त सांगतो. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचे अंतर तारेच्या लांबीच्या सुमारे पंधरा टक्के असते, म्हणजे ६५० वर ९८, ५८० वर ८७ आणि ५३० वर ८० मिलिमीटर. मुलाने वाजवताना वाकवतो तशी बोटे टेबलावर टेकवून, न ताणता, सहज पसरावी. तर्जनी व करंगळीच्या टोकांतील अंतर मोजून त्याला ०.१५ ने भागावे. वरील मुलीचे ८४ मिलिमीटर असेल, तर उत्तर ५६० येते, म्हणजे ५३० च्या जवळची गिटार तिला योग्य, ५८० ची थोडी लवकर. हा केवळ पोहोचीचा हिशेब आहे. खोक्याची खोली आणि मानेची रुंदी पाहण्यासाठी गिटार मांडीवर घेऊनच ठरवावे.

मोठी गिटार घरी आधीच असेल, तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून पाहता येते, कारण त्याने ६५० ची तार ५७९ मिलिमीटरची होते. बोटांना तो सराव चालतो, मात्र खोका आणि मान तेवढीच मोठी राहते आणि सगळे स्वर दोन फ्रेट वर सरकतात.

लहान गिटार घेणाऱ्यांच्या आणखी एका तक्रारीचे कारण येथेच आहे. त्याच तारा ६५० ऐवजी ५३० वर चढवून त्याच स्वरात मिळवल्या की त्यांचा ताण जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होतो, मग तारा ढिल्या पडून फ्रेटवर खडखडतात आणि जोरात दाबल्या की स्वर चढतो. म्हणून लहान गिटारीवर आम्ही त्या लांबीसाठी केलेला, अधिक ताणाचा तारांचा संच चढवून देतो, आणि तार बदलताना तोच मागवावा असे सुचवतो.

मागणी नोंदवताना व्हायोलिनसाठी मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंतचे माप, गिटारसाठी बोटांचे अंतर, आणि टेप लावलेल्या अवस्थेतील एक छायाचित्र पाठवावे. छायाचित्रावरून टेप कोठे टेकला आहे ते आम्हाला दिसते, आणि त्याच आधारावर आम्ही आकार ठरवून वाद्य जुळवून पाठवतो.