योग आणि फिटनेस प्रशिक्षकांची प्रमाणपत्रे (अमेरिका)

अमेरिकेत योग शिकवायला किंवा जिममध्ये प्रशिक्षक व्हायला सहसा सरकारी परवाना लागत नाही. माणूस पात्र आहे की नाही, हे जिमचा व्यवस्थापक आणि विमा कंपनी ठरवतात, तेही प्रमाणपत्र पाहून. मात्र योगाचे आणि फिटनेसचे प्रमाणपत्र वेगवेगळ्या गोष्टींची ग्वाही देतात.

योगात तास मोजले जातात. योगा अलायन्स या संस्थेने रुळवलेले किमान प्रमाण २०० तासांचे आहे. ही संस्था शिक्षकाची स्वतः परीक्षा घेत नाही. ती शाळांची नोंदणी करते आणि त्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्याला आरवायटी २०० म्हणजे २०० तासांचा नोंदणीकृत योगशिक्षक म्हणून नोंदवते. म्हणजे शिकवणारा आणि उत्तीर्ण ठरवणारा एकच. ऋषिकेशात हा अभ्यासक्रम अनेकदा २१ दिवसांत उरकतात, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज साडेनऊ तास. वेळापत्रकात इतके तास दिसत नसतील, तर उरलेले कुठे धरले आहेत हे शाळेला आधीच विचारावे. पुण्यात रुजलेल्या अय्यंगार परंपरेत प्रमाणित शिक्षकाकडे काही वर्षे शिकून मग मूल्यमापनाला बसावे लागते. केवळ तासांच्या आकड्यावरून या दोन शिक्षकांतला फरक कळत नाही.

फिटनेसमध्ये उलट आहे. एसीई किंवा एनएएसएम या संस्थांचे पर्सनल ट्रेनर प्रमाणपत्र घ्यायला वर्गात बसण्याच्या तासांची सक्ती नाही. त्रयस्थ मान्यता असलेल्या प्रमाणपत्रासाठी देखरेखीखालची परीक्षा मात्र द्यावीच लागते आणि सीपीआरचे प्रशिक्षण दाखवावे लागते. दर दोन वर्षांनी नूतनीकरण असते. या परीक्षांना एनसीसीए या त्रयस्थ यंत्रणेची मान्यता आहे आणि मोठ्या जिम-साखळ्या नेमकी तीच पाहतात. यातली उणीव अशी, की एकाही माणसाला व्यायाम न शिकवता बहुपर्यायी प्रश्न सोडवून उत्तीर्ण होता येते.

समजा, पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या एका शिक्षिकेकडे आरवायटी २०० आहे. जिममध्ये योगाचा सामूहिक वर्ग तिला बहुधा मिळेल. पर्सनल ट्रेनिंग मात्र मिळणार नाही, कारण तिथे एनसीसीए-मान्य प्रमाणपत्र मागतात. ती पगारी नोकर असेल, तर कामावर असताना सहसा जिमचाच विमा तिला लागू होतो. कंत्राटावर असेल, तर स्वतःचा दायित्व विमा काढून त्यात जिमचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालावे लागते. एका दाव्यासाठी १० लाख डॉलरची मर्यादा सर्रास मागितली जाते.

अर्जात विमा कंपनी विचारते, तुम्ही काय काय शिकवता? तिथे फक्त योग लिहिला असेल आणि तिने वर्गात एखाद्याला वजन उचलायला लावले, त्याची पाठ दुखावली, तर कंपनी दावा नाकारू शकते. योगाचे २०० काय, ५०० तास झाले असले तरी त्याने फरक पडत नाही. शिकवण्याचा प्रत्येक प्रकार पॉलिसीत नावानिशी नोंदलेला असावा लागतो आणि त्या प्रकाराचे प्रशिक्षण झाल्याचा कागदही हाताशी लागतो. टांगलेल्या कापडाच्या आधाराने करायच्या एरियल योगासारखे प्रकार कित्येक पॉलिसींत वगळलेले असतात, म्हणून वगळलेल्या बाबींचे पान हप्ता भरण्याआधी वाचायचे.