सहकर्जदार आणि सहमालक: घरखरेदीच्या दोन पुस्तकांच्या मधली जागा

ग्रंथालयात माझ्याकडे अर्थ आणि कायदा हे दोन कप्पे आहेत. पहिलं घर घ्यायला निघालेली जोडपी या कप्प्यांपाशी आली की लगेच ओळखू येतात. एक जण पुस्तक चाळत असतो आणि दुसऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असतं. मागणी ठरलेली: "मॅडम, एकच पुस्तक द्या, सगळं असलेलं."

गेल्या महिन्यात अशीच दोघं आली. मी गृहकर्जावरचं एक आणि घराच्या कागदपत्रांवरचं एक, अशी दोन पुस्तकं काढून ठेवली. मुलगी म्हणाली, "कागदपत्रांचं राहू द्या. कर्ज दोघांच्या नावावर आहे, म्हणजे घर दोघांचंच. ते झालंय आमचं."

ते झालेलं नव्हतं. कर्जावर दोघांची नावं असणं ही एक गोष्ट आणि घरावर दोघांची नावं असणं ही वेगळी. दोन्हीकडे त्याच दोन सह्या दिसतात, म्हणून गल्लत होते. गल्लतीत थोडा वाटा पुस्तकांचाही आहे. कर्जाचं पुस्तक सहकर्जदारापाशी थांबतं, करारांचं पुस्तक खरेदीदारापासून सुरू होतं, आणि मधलं पान बहुतेक वेळा कुणीच लिहिलेलं नसतं.

आधी कर्जाचं पुस्तक. त्यात 'सहअर्जदार' किंवा 'सहकर्जदार' हा शब्द पात्रतेच्या प्रकरणात येतो आणि बराचसा आनंदी सुरात येतो: दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं की जास्त रक्कम मंजूर होते. हे खरंच आहे. पण त्याची दुसरी बाजू बऱ्याचदा चार ओळींत उरकलेली असते. कर्ज दोघांचं म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे. बँकेच्या करारात जबाबदारी सहसा 'संयुक्त आणि स्वतंत्र' अशी लिहिलेली असते. याचा अर्थ, पूर्ण थकबाकी बँक दोघांपैकी कोणाही एकाकडे मागू शकते. "माझा अर्धा मी भरला" हे उत्तर बँकेपुढे चालत नाही. ते फार तर जोडीदाराकडून वसुली मागताना कामाला येतं. एकाने हप्ता चुकवला तर डाग दोघांच्या पतनोंदीवर पडतो. जामीनदार हा यातला तिसरा प्रकार, त्याची नोंद वेगळी असते. ज्या पुस्तकात सहकर्जदार आणि जामीनदार एकाच परिच्छेदात गुंडाळलेत, ते मी तरी पुढे करत नाही.

आता करारांचं पुस्तक. इथे 'कर्जदार' हा शब्द जवळजवळ दिसतच नाही. इथे आहेत 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. साठेखत म्हणजे ठरल्याप्रमाणे विकण्या-घेण्याचं वचन. मालकी हातात देणारा दस्त म्हणजे खरेदीखत. त्या खरेदीखतात 'लिहून घेणार' या शब्दांखाली ज्यांची नावं, ते मालक. हप्ता कुणाच्या खात्यातून जातो, मंजुरीपत्रावर कुणाची सही आहे, हे त्या पानाला माहीतही नसतं.

म्हणून चार वेगवेगळ्या स्थिती संभवतात. दोन्हीकडे दोघं असणं ही सरळ स्थिती. घर दोघांचं आणि कर्ज एकाचं असंही असू शकतं, पण घर तारण राहत असल्यामुळे सगळ्या मालकांना कर्जातही घ्यावं असा बँकांचा सहसा आग्रह असतो. दोन्हीकडे एकच जण असेल तर प्रश्नच मिटला. चौथी स्थिती अशी की कर्जात दोघं आणि खरेदीखतात एकच. इथे दुसरा माणूस पूर्ण कर्जाला बांधलेला असतो, आणि घरावर मात्र कागदोपत्री त्याचं काहीच नसतं. बँकेला यात वावगं वाटायचं कारण नाही. तिचं तारण पक्कं आहे आणि कर्ज फेडणारे दोघं आहेत. त्यामुळे ही चूक बँकेच्या तपासणीत पकडली जाईल अशी आशा धरू नये.

त्या दोघांचंही जवळपास हेच झालं होतं. साठेखत झालं तेव्हा तिची नोकरी बदलत होती, म्हणून घाईत एकट्याच्या नावाने केलं. कर्जाच्या वेळी तिच्या पगाराची गरज पडली, म्हणून ती सहकर्जदार झाली. खरेदीखत अजून व्हायचं होतं. तो म्हणाला, "अहो, मग त्यात नाव घालून घेऊ की." हो, पण ते आपोआप होत नाही. खरेदीखताचा मसुदा साठेखतावरून उतरवला जातो, आणि तिथे एक नाव असेल तर इथेही एकच उतरतं.

नाव घातलं तरी दुसरा प्रश्न उरतोच: कुणाचा हिस्सा किती? मी त्यांना एका कागदावर हिशेब मांडून दाखवला. घराची किंमत १०० भाग धरा. २० भाग स्वतःचे, त्यातले १५ तिच्या बचतीतले आणि ५ त्याचे. उरलेलं ८० भाग कर्ज, दोघांच्या नावाने, ९ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी. घरखर्च ती बघणार आणि हप्ता त्याच्या खात्यातून जाणार, असं ठरलेलं.

पाच वर्षांनी चित्र असं दिसतं. हप्त्यांमध्ये एकूण साधारण ४३ भाग गेलेत, पण मुद्दल फक्त ९ भागांनी कमी झालंय. ७१ भाग कर्ज अजून बाकी आहे. मग घरात त्याने किती घातले? ५ अधिक ४३ म्हणजे ४८? की ५ अधिक ९ म्हणजे १४? पहिल्या हिशेबात तो तिच्या तिपटीहून पुढे जातो, दुसऱ्या हिशेबात ती एका भागाने पुढे राहते. आणि पाच वर्षं तिने भरलेलं वाणसामान आणि वीजबिल कुठल्या रकान्यात घालायचं?

कर्जाच्या पुस्तकात ४३ आणि ९ चा फरक छान समजावलेला असतो. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो, हे त्यांचं आवडतं कोष्टक. पण त्या कोष्टकावरून हिस्सा निघतो की नाही, हे ते सांगत नाही. तो विषय करारांच्या पुस्तकाचा, आणि तिथे हप्त्यांचं कोष्टक नसतं.

कायद्याचं उत्तर देशागणिक बदलतं, म्हणून पुस्तक कुठल्या देशाचं आहे हे आधी बघावं लागतं. भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ यावर बोलतं. वेगळा करार नसेल, तर ज्याने किंमतीत जितका वाटा घातला तितका त्याचा हिस्सा. आणि कुणी किती घातले याचा पुरावा नसेल तर दोघांचे हिस्से समान धरायचे. म्हणजे खरेदीखतात 'समान हिस्सा' किंवा '६०-४०' असं एक वाक्य लिहिलं असेल तर कायद्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही. वाक्य नसेल तर पुढे कधी तरी बँकेचे जुने उतारे काढून भांडायची वेळ येते.

इंग्लंडमध्ये वाट निराळी. तिथे एक प्रकारची सहमालकी अशी की एकजण गेला तर त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे जातो, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असलं तरी. दुसऱ्या प्रकारात हिस्से वेगळे असतात आणि प्रत्येक जण आपला हिस्सा मृत्युपत्राने देऊ शकतो. तिथलं पुस्तक हातात घेतलेल्या वाचकाला वाटतं की जोडीदारामागे घर आपसूक आपल्याकडे येतं. भारतात नुसतं नाव एकत्र असल्याने तसं होत नाही. गेलेल्या माणसाचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. इंग्रजी पुस्तकांचे सरसकट अनुवाद माझ्या कप्प्यात आले की माझी कुरकुर असते ती यासाठीच.

त्याच इंग्लंडमधला एक निकाल दोन्ही पुस्तकांच्या मधली जागा फार चांगली दाखवतो. स्टॅक विरुद्ध डाउडेन हा खटला. लग्न न केलेलं जोडपं, घर दोघांच्या नावावर, कर्जही दोघांच्या नावावर, पण हिस्से कुठेच लिहिलेले नाहीत. २००७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हिस्से निम्मे-निम्मे न धरता तिला ६५ टक्के आणि त्याला ३५ टक्के दिले. तिने घातलेले पैसे बरेच जास्त होते आणि दोघांनी आपले बहुतेक पैसे कायम वेगळेच ठेवले होते, हेही न्यायालयाने पाहिलं. म्हणून इंग्लंडपुरतं तरी २००७ च्या आधीची आवृत्ती या एका प्रकरणासाठी निरुपयोगी ठरते. छपाईचं वर्ष शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. तिथे पुनर्मुद्रण लिहिलंय की सुधारित आवृत्ती, हेही बघा. पुनर्मुद्रणात मजकूर जुनाच असतो.

पुस्तक निवडायची माझी पद्धत साधी आहे. प्रस्तावना वाचत नाही. शेवटची शब्दसूची उघडते, 'सहकर्जदार' शोधते, मग 'सहमालक'. दोन्ही शब्द असतील आणि निदान एक पान दोघांच्या खाली येत असेल, तर लेखकाने मधली जागा पाहिलेली आहे. त्यानंतर परिशिष्टातला खरेदीखताचा नमुना काढते. 'लिहून घेणार' याच्याखाली दोन नावांना जागा आहे का, आणि हिस्सा लिहायला ओळ आहे का? एकाच नावाची रिकामी रेघ असेल तर ते पुस्तक जोडप्यांसाठी लिहिलेलं नाही, मुखपृष्ठावर कितीही हसरं जोडपं छापलेलं असू दे. शब्दसूचीच नसेल तर मी पुस्तक परत ठेवते. कर्ज-कायद्याचं पुस्तक कादंबरीसारखं सलग कोण वाचतं?

अर्थात, चांगलं पुस्तकही नमुनाच देतं. तुमच्या मसुद्यात काय लिहिलंय ते वकिलाने वाचायचं, आणि त्याआधी तुम्ही. पुस्तकाचा उपयोग इतकाच की वकिलापुढे बसल्यावर "सगळं बरोबर आहे ना?" असं मोघम न विचारता "लिहून घेणारमध्ये दोन नावं आहेत का आणि हिश्श्याचं वाक्य कुठे आहे?" असं विचारता येतं.

त्या दोघांनी शेवटी दोन्ही पुस्तकं नेली. चार दिवसांनी ती एकटीच आली, करारांचं पुस्तक घेऊन. नमुन्याच्या पानाची झेरॉक्स हवी होती. हिश्श्याच्या ओळीवर पेन्सिलीने बारीक '५०-५०' लिहिलेलं होतं, आणि त्याच्याच शेजारी वेगळ्या अक्षरात '६०-४०?'. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहायचं नसतं, असं मी म्हणाले, आणि तिला खोडरबर दिला.