फॉन वारा गरम का होतो? सहाराच्या वादापासून आजच्या हिशोबापर्यंत

10 मे 1861 च्या रात्री स्वित्झर्लंडमधलं ग्लारुस नावाचं गाव पेटलं, सकाळपर्यंत सहाशेच्या आसपास इमारती जळून गेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त गाव संपलं. आग इतकी पसरली त्याचं कारण तिथल्या लोकांना आधीपासून माहीत होतं, ते म्हणजे फॉन. आल्प्सच्या उत्तरेकडच्या दऱ्यांमध्ये वरून खाली कोसळणारा हा दक्षिणेचा वारा इतका कोरडा असतो की लाकडी घरं, छपरं, गवत सगळं ठिणगीची वाट बघत असल्यासारखं होतं. तिथल्या गावांत फॉन सुटला की रात्री पहारे असायचे आणि उघड्यावर विस्तव लावायला बंदी असायची.

पण बर्फाच्या डोंगरावरून येणारा वारा गरम कसा? त्या काळातल्या मोठमोठ्या लोकांचं यावर चांगलंच वाजलं.

अर्नोल्ड एशर नावाच्या स्विस भूगर्भशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की हा वारा सहारातून येतो. त्याने यातून हिमयुगाचाही उलगडा केला, म्हणजे पूर्वी सहारावर समुद्र होता, मग तो आटला, गरम वारे सुरू झाले आणि आल्प्समधल्या हिमनद्या वितळून मागे सरकल्या. ऐकायला फार छान होतं, आणि पटण्यासारखंही, कारण वारा दक्षिणेचा, गरम आणि कोरडा, आणि दक्षिणेला वाळवंट आहेच की. याच्या विरुद्ध बर्लिनचा हाइनरिश डोव, त्याचं त्या काळी हवामानशास्त्रात मोठं वजन होतं. तो म्हणायचा की पृथ्वी फिरत असल्यामुळे सहाराची हवा वाटेत पूर्वेकडे वळेल, आल्प्सवर येणारी हवा अटलांटिकपलीकडच्या कॅरिबियन भागातली असली पाहिजे, त्यामुळे ती दमट असणार. पण स्विस निरीक्षकांच्या हातात तर आर्द्रतेचे आकडे होते, त्यांच्या दऱ्यांमधला फॉन कोरडाच होता, मग डोवला कसं मान्य करणार?

या भांडणात 1866 साली यूलिउस हान नावाचा 27 वर्षांचा ऑस्ट्रियन उतरला, आणि मला त्याचं सगळ्यात आवडतं ते हे की त्याने आल्प्सकडे न बघता आधी ग्रीनलंडकडे बघितलं. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ऐन हिवाळ्यात अचानक गरम वारा सुटतो अशा नोंदी होत्या, आणि तो वारा येतो कुठून तर आतल्या बाजूने, जिथे शेकडो मैल नुसता बर्फ आहे. तिथे ना सहारा ना कॅरिबियन! मग उष्णता लांबून आणलेली नसून वाटेतच तयार होत असली पाहिजे, आणि वाटेत घडतं ते एकच, हवा उंचावरून खाली येते.

खाली आलं की हवेचा दाब जास्त, त्यामुळे हवा दाबली जाते, आणि दाबलेली हवा बाहेरून कोणी उष्णता न देताही तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं ना, त्यातला मोठा भाग हाच. कोरडी हवा दर 100 मीटर उतरताना साधारण 1 अंशाने तापते. उतरताना बाष्प तेवढंच राहतं पण गरम हवेत जास्त बाष्प मावतं, म्हणून सापेक्ष आर्द्रता घसरते, वारा कोरडा होतो तो असा.

आता शाळेत आपल्याला जो हिशोब शिकवतात तो बघू. आल्प्सच्या दक्षिणेला बेलिनझोना, उत्तरेला अल्टडॉर्फ, मध्ये गॉटहार्ड खिंड, उंची साधारण 2100 मीटर. समजा दक्षिणेला 250 मीटरवर हवा 12 अंश आहे आणि दमट आहे. ती चढताना ढग होतो, बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, त्यामुळे ती 100 मीटरला फक्त अर्ध्या अंशाच्या आसपास थंड होते, म्हणजे खिंडीत पोचेपर्यंत 2 अंश. पाऊस तिकडेच पडून गेला. आता इकडे उतरताना पूर्ण दराने तापते, अल्टडॉर्फ 450 मीटरवर आहे, म्हणजे 1650 मीटरचा उतार, 16 अंशांची वाढ, खाली 18 अंश. खिंडीत हवा बाष्पाने भरलेली असली तरी खाली आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास येते.

हिशोब बरोबर आहे, पण त्यामुळे गैरसमज झाला की पलीकडे पाऊस पडल्याशिवाय फॉन गरम होतच नाही. पुस्तकांनी हे हानच्याच नावावर खपवलं, जेव्हा की हानने पावसाची अट घातलेली नव्हती, त्याचा सगळा भर उतरण्यावर होता! हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

कारण पाऊस नसतानाही फॉन सुटतो. बऱ्याचदा इटलीच्या बाजूची खालची थंड हवा डोंगराला अडून तिथेच साचून राहते, चढतच नाही, आणि अल्टडॉर्फला उतरते ती मुळात वरचीच हवा. समजा सरासरी वातावरणात 450 मीटरवर 12 अंश आहे, तर 2500 मीटरवर उणे 1 च्या आसपास असतं. ती हवा सरळ 2050 मीटर खाली आली तर वीस अंशांनी तापून 19 होते. एक थेंब पडला नाही तरी 7 अंशांचा फायदा, आणि वरची हवा मुळात कमी बाष्पाची, त्यामुळे ही आणखी कोरडी लागते.

यात एक शंका नेहमी येते, गरम हवा हलकी, मग ती खाली कशी जाते? तर ती उतरायच्या आधी गरम नसतेच, तिच्या उंचीवरच्या शेजारच्या हवेइतकीच थंड असते. डोंगराच्या एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला की बंधाऱ्यावरून पाणी सांडावं तशी ती खिंडीतून सांडते. आणि उतरून हलकी झाली की पुन्हा वर उसळायला बघते, म्हणूनच पुढे हवेत लाटा उठतात आणि भिंगाच्या आकाराचे ढग एकाच जागी उभे दिसतात. दरीत आधीच थंड हवेचा जड थर बसलेला असेल तर फॉन त्याच्या डोक्यावरून निघून जातो, खाली गाव गारच, आणि तो थर खरवडला गेला की टेंपरेचर एकदम उडी मारतं.

आपल्याकडे आल्प्सएवढी उंची नाही, पण मार्चमध्ये मुंबईत पूर्वेचे वारे जोर धरतात आणि समुद्राचा वारा उशिरा पोचतो, तेव्हा घाटमाथ्याकडची हवा खाली कोकणात उतरताना तापते, म्हणजे 600 मीटरला सहाएक अंश. अर्थात दख्खनची हवा मुळात तापलेली असते, त्यामुळे सगळं श्रेय उतरण्याला देता येणार नाही.

2016 साली एल्व्हिज आणि रेनफ्र्यू या हवामानशास्त्रज्ञांनी गरम होण्याची चार कारणं वेगळी करून दाखवली: वरची हवा खाली येणं, पावसातून सुटलेली उष्णता, खडबडीत डोंगरावर हवा ढवळली जाणं, आणि पलीकडे आकाश निरभ्र झाल्यामुळे मिळणारं ऊन. कुठल्या दिवशी कशाचा वाटा किती हे बदलत राहतं.

आणि नुसता गरम वारा आला म्हणून फॉन म्हणायचं का, तर नाही. स्वित्झर्लंडमध्ये अंडरमाटच्या वर ग्युच नावाचं साधारण 2300 मीटरवरचं केंद्र आहे, तिथली हवा अल्टडॉर्फच्या पातळीपर्यंत दाबली तर किती गरम होईल ते काढतात. तो आकडा आणि दरीतलं खरं टेंपरेचर जवळजवळ जुळलं, आर्द्रता पडलेली असली आणि वारा डोंगराकडून जोरात येत असला, की फॉनची नोंद होते. जुळलं नाही, दरीतली हवा बरीच थंड निघाली, तर समजायचं की जुना गार थर अजून तिथेच बसलाय.