स्वप्नात पाय का उचलत नाहीत?

"स्वप्नात कोणी मागे लागलं की पाय उचलत नाहीत, ओरडावं तर आवाज फुटत नाही. छातीवर भूत बसतं म्हणूनच ना?"

नाही. ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, मेंदूचा देठ मज्जारज्जूकडे निरोप पाठवून हातापायांचे स्नायू सैल पाडतो. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासपटल तेवढे चालू राहतात. फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा निरोप देणारा भाग निकामी केला, तेव्हा ती झोपेतच उठून शिकारीवर झेप घेतल्यासारखी वागू लागली.

ओरडायला छातीतून जोरात हवा सोडावी लागते आणि घसा ताणावा लागतो. झोपेत ते होत नाही, म्हणून फार तर कण्हल्यासारखा आवाज निघतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू काही सेकंद किंवा एखाद-दोन मिनिटं सैलच राहतात. छातीवरचं ते 'भूत' बहुतेकदा तेव्हाचंच.

मात्र संथ पळण्याचं सगळं उत्तर यात नाही. स्नायू तर प्रत्येक रेम झोपेत सैल असतात, तरी कित्येक स्वप्नांत आपण सुसाट पळतो. पाय खरोखर जमिनीला टेकल्याची खबर मेंदूला मिळत नाही, म्हणून चाल अडखळते, हा त्यावरचा एक अंदाज आहे. तो सिद्ध झालेला नाही.

काळजी उलट गोष्टीची करावी. झोपेत कोणी खरंच लाथा मारत, ओरडत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. काही जणांत ते पार्किन्सनचं आगाऊ लक्षण असतं.