फिल्टरआधी अंतर बदला

डेटिंग अ‍ॅपवर नवीन असणाऱ्यांना हमखास ऐकू येतं, ‘प्रोफाइलवर फोटो छान दिसू दे, भेटल्यावर बाकीचं आपोआप जमतं.’ पण तसं होत नाही.

माझ्या मित्राचा फोटो सहा वर्षांपूर्वीचा, दाट केसांचा होता. भेटीला आलेली मुलगी त्याच्यासमोरून दोनदा गेली, ओळखलंच नाही. टक्कल तिला खटकलं नव्हतं. ‘आणखी काय लपवलंय?’ हा प्रश्न मात्र तासभर मध्ये बसून राहिला.

फिल्टरचंही तेच. तो सुरकुत्यांबरोबर तीळही पुसतो, आणि जबडा बारीक करताना मागची दाराची चौकट वाकवतो. बघणाऱ्याला ती वाकडी रेघ दिसतेच. गॉगलचा एखादा फोटो चालेल, पण पहिल्या फोटोत डोळे दिसायलाच हवेत. माणूस आधी तिथेच बघतो.

खरं तर फिल्टरचा मोह बहुतेकदा सेल्फीमुळे होतो. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष चेहऱ्याचा नाही, अंतराचा आहे. फोन दीड-दोन मीटरवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा, मागचा कॅमेरा आणि टायमर वापरा, दिवसा खिडकीकडे तोंड करून उभे राहा. चेहरा समोरच्याला दिसतो तसाच येईल. केस, दाढी, चष्मा किंवा वजन बदललं की फोटो पुन्हा काढा.