लिफ्ट बंद पडली तर ग्रुपवर नेमकं काय कळवायचं: आयफोनवरचा ‘लिफ्ट कळवा’ शॉर्टकट
(देखभाल करारातल्या सर्व सोसायट्यांच्या सेक्रेटरी व समिती सदस्यांसाठी)

आपल्या प्रत्येक सोसायटीचा आमच्यासोबत एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात समितीचे सदस्य, वॉचमन आणि आमचे दोन तंत्रज्ञ असतात. लिफ्टबद्दल त्या ग्रुपवर येणारे बरेचसे निरोप असे असतात: “लिफ्ट परत बंद”, “कोणीतरी या लवकर”, किंवा नुसता एक फोटो. कुठल्या विंगची लिफ्ट, कुठल्या मजल्यावर थांबली, पॅनेलवर कुठला आकडा दिसतोय, हे विचारायला तंत्रज्ञाला उलट फोन करावा लागतो. तो फोन उचलला गेला नाही, तर तो अंदाजाने सामान घेऊन निघतो. दरवाज्याच्या लॉकचा संपर्क खराब झालेला असला आणि पिशवीत दुसरंच सामान असलं, तर तो येऊन परत जातो आणि तुमची लिफ्ट दुपारभर बंद राहते.

म्हणून ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्यासाठी आम्ही एक छोटा शॉर्टकट बनवला आहे. फोटो काढायचा, शेअरचं बटण दाबायचं, यादीतून ‘लिफ्ट कळवा’ निवडायचं. तो पाच प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून ठरलेल्या साच्यातला निरोप तयार करतो. वेगळं ॲप विकत घ्यावं लागत नाही. ॲपलचं Shortcuts हे ॲप आयफोनवर आधीपासून असतं, काढून टाकलं असेल तर ॲप स्टोअरवरून परत मोफत मिळतं.

निरोप असा दिसतो:

```
*लिफ्ट स्थिती*
विंग: बी
मजला: 3
स्थिती: दार लागत नाही
पॅनेल: E12
वेळ: 14/03/2025 18:25
```

(इथला E12 फक्त नमुन्यादाखल आहे. कंट्रोलरच्या कंपनीनुसार हे आकडे वेगळे असतात. पॅनेलवर जे दिसेल तेच जसंच्या तसं लिहा.)

आधी एक गोष्ट

लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर निरोप लिहीत बसू नका, आम्हाला फोन करा. म्हणूनच शॉर्टकट सगळ्यात आधी विचारतो, “आत कोणी आहे का?” तुम्ही ‘हो’ म्हटलंत की पुढचे प्रश्न येत नाहीत, थेट आमच्या आपत्कालीन नंबरला फोन लागतो. आतल्या माणसाशी बोलत राहा आणि त्याला दारापासून लांब उभं राहायला सांगा. बाहेरून दार ओढून उघडायचा प्रयत्न कोणीही करू नये, वॉचमननेही नाही. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये अडकली असेल तर तिच्या खालची जागा थेट शाफ्टमध्ये उघडते, आणि बाहेर उतरू पाहणारा माणूस तिथून खाली जाऊ शकतो. आतल्या कोणाची तब्येत बिघडली असेल तर आमची वाट न पाहता अग्निशमन दलाला 101 वर किंवा 112 वर फोन करा.

निरोप ठरलेल्या शब्दांत कशासाठी

स्थिती तुम्ही टाइप करत नाही, यादीतून निवडता: ‘बंद’, ‘दार लागत नाही’, ‘मजल्यावर बरोबर थांबत नाही’, ‘चालू पण आवाज’, ‘पुन्हा सुरू’. विंग आणि मजलाही तसाच यादीतून. आमच्या दृष्टीने या शॉर्टकटचा खरा फायदा इथेच आहे. एकाच गोष्टीला कोणी ‘दार अडकतं’, कोणी ‘गेट बंद होत नाही’, कोणी ‘door prob’ लिहितं. सहा महिन्यांनी ग्रुपमध्ये शोधायला गेलं की यातलं काहीच एकत्र सापडत नाही.

समजा, बी विंगची लिफ्ट महिन्याभरात तीनदा थांबली. प्रत्येक वेळी तंत्रज्ञ आला, लिफ्ट रीसेट केली, सुरू झाली, तो गेला. तिन्ही निरोप साच्यातले असतील, तर ग्रुपच्या शोधात ‘स्थिती: दार लागत नाही’ एवढं टाकलं की ते एकाखाली एक दिसतात, आणि तिन्हींत मजला 3 आहे हे लगेच लक्षात येतं. मग कंट्रोलरवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. तिसऱ्या मजल्याच्या दाराचा लॉक किंवा त्याचा संपर्क सैल झालाय, घासलाय किंवा दाराच्या खालच्या खाचेत काहीतरी अडकतंय, हे पाहायला तंत्रज्ञ थेट तिथे जातो. कुठल्याही एका मजल्याचं दार पूर्ण बंद झाल्याची खूण कंट्रोलरला मिळाली नाही तर लिफ्ट हलत नाही. ती सुरक्षिततेसाठीच तशी बनवलेली असते. म्हणूनच एकाच मजल्याचा बिघाड सगळी लिफ्ट बंद करतो, आणि मजल्याचा आकडा आम्हाला पॅनेलच्या कोडइतकाच हवा असतो.

‘पुन्हा सुरू’ हा निरोपही जरूर टाका. लिफ्ट किती वेळ बंद होती हे दोन निरोपांच्या वेळांवरून कळतं, आणि कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी तुमच्या हातात ठोस नोंद राहते. ती नोंद आमच्याविरुद्ध जात असली तरी आम्हाला चालेल.

फोनवर बसवणं

तुमच्या सोसायटीच्या विंग आणि मजले भरलेला शॉर्टकट आम्ही आयक्लाउड लिंकने पाठवतो. लिंक उघडा आणि `Add Shortcut` दाबा. दुसऱ्याने पाठवलेला शॉर्टकट वापरण्याआधी आत काय काय आहे ते पाहावं, आमचाही. बसवल्यावर Shortcuts ॲपमध्ये त्याच्या चौकोनावरचे तीन टिंब दाबले की सगळ्या पायऱ्या क्रमाने दिसतात.

कोणाला स्वतः बनवायचा असेल तर रचना सोपी आहे. नवीन शॉर्टकटच्या माहितीच्या बटणात `Show in Share Sheet` चालू करा. वरती `Receive` ही ओळ येते. तिथे सगळे प्रकार काढून फक्त `Images` ठेवा. मग ‘आत कोणी आहे का?’ यासाठी `Choose from Menu`, त्यातल्या ‘हो’खाली `Call` आणि `Stop This Shortcut`. विंग, मजला, स्थिती या तिघांसाठी प्रत्येकी एक `List` आणि त्याखाली `Choose from List`. पॅनेलसाठी `Ask for Input`. वेळेसाठी `Get Details of Images` मधून `Date Taken`, आणि तिला `Format Date` मधून साचा. शेवटी `Text` मध्ये वरचा निरोप, `Copy to Clipboard`, आणि मूळ फोटो घेऊन `Share`.

इथे दोन जागी हमखास चुकतं. तिन्ही निवडींना फोन एकच नाव देतो, `Chosen Item`. नावं बदलली नाहीत तर `Text` मध्ये चुकीची निवड बसते आणि ‘विंग: बी, मजला: बी’ असा निरोप तयार होतो. प्रत्येकाला ‘विंग’, ‘मजला’, ‘स्थिती’ अशी नावं लगेच देऊन टाका. दुसरी चूक तारखेच्या साच्यातली. तो असा हवा:

```
dd/MM/yyyy HH:mm
```

मोठा `MM` म्हणजे महिना, लहान `mm` म्हणजे मिनिटं. दोन्हीकडे लहान टाकलं तर 14 मार्चला 18:25 वाजता ‘14/25/2025’ अशी तारीख छापली जाते. वर्षासाठीही लहान `yyyy` हवं. मोठं `YYYY` वर्षभर बरोबर दिसतं, पण डिसेंबरच्या अखेरच्या दिवसांत पुढचं वर्ष दाखवतं. `HH` मोठं ठेवलं की चोवीस तासांची वेळ येते, सकाळ की संध्याकाळ हा घोळ राहत नाही.

शीर्षकाच्या दोन्ही बाजूंच्या चांदण्यांमुळे व्हॉट्सअ‍ॅप ते ठळक करतं. चांदणी आणि अक्षर यांच्यामध्ये जागा सुटली तर ठळक होत नाही, नुसत्या चांदण्या दिसतात.

वापरताना

पॅनेलवरचा आकडा वाचता येईल असा फोटो काढा. एका वेळी एकच. Photos मध्ये तो उघडून शेअरचं बटण दाबा आणि वरच्या ॲपच्या रांगेच्या खाली सरका. तिथे ‘लिफ्ट कळवा’ दिसेल. फार खाली असेल तर शेवटच्या `Edit Actions…` मध्ये जाऊन त्याच्यापुढचं हिरवं अधिकचं चिन्ह दाबा, म्हणजे तो वर येईल. व्हिडिओ शेअर करताना हा शॉर्टकट यादीत दिसणार नाही, तो फक्त फोटो स्वीकारतो.

पहिल्या वेळी फोन परवानग्या विचारतो. `Always Allow` निवडलंत तर पुन्हा विचारणार नाही.

प्रश्न संपले की निरोप कॉपी झालेला असतो आणि शेअरची खिडकी परत उघडते. व्हॉट्सअ‍ॅप निवडा, ग्रुप निवडा, फोटोखालच्या मजकुराच्या जागी बोट दाबून धरा, `Paste` करा, पाठवा. मध्येच दुसरं काही कॉपी केलंत तर निरोप जातो आणि परत सुरुवात करावी लागते.

ग्रुप आपोआप का निवडला जात नाही, हा प्रश्न सेक्रेटरींकडून येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये शॉर्टकटला स्वतःहून भरवशाने फोटो टाकता येत नाही. शेवटची निवड माणसालाच करावी लागते. ॲपलच्या Messages मध्ये हे जमतं: `Send Message` मध्ये सगळ्यांचे नंबर भरून `Show When Run` बंद केलं तर निरोप न विचारता निघून जातो. पण फोटो भरवशाने पोचायला ग्रुपमधल्या सगळ्यांकडे आयफोन हवेत, आणि आपल्या वॉचमनकडे, आमच्या तंत्रज्ञांकडेही अँड्रॉइड आहेत. शिवाय फोटोत शेजारचं मूल किंवा कोणाच्या दारावरची पाटी आली आहे का, हे पाठवण्याआधी एकदा पाहायची संधी राहते, हे आम्हाला बरंच वाटतं.

वेळेबद्दल एक लक्षात ठेवा. निरोपात जाते ती फोटो काढल्याची वेळ, पाठवल्याची नाही. सकाळी सातला फोटो काढून नऊला पाठवलात तरी सातच लिहून येतं, आणि तसंच हवं. पण वॉचमनने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो वापरलात तर त्यात मूळ वेळ उरलेली नसते. मग वेळेची ओळ रिकामी राहते किंवा भलतीच वेळ येते. अशा वेळी स्वतः नवा फोटो काढा, किंवा पाठवण्याआधी ती ओळ हाताने दुरुस्त करा.

बदल झाले तर

लिंकवरून बसवलेला शॉर्टकट ही त्या दिवसाची प्रत असते. आम्ही यादीत नवी स्थिती वाढवली किंवा आपत्कालीन नंबर बदलला, तरी तुमच्या फोनमधला आपोआप बदलत नाही. असा बदल झाला की आम्ही ग्रुपवर नवी लिंक टाकू. तेव्हा जुना शॉर्टकट काढून मगच नवा बसवा, नाहीतर दोन्ही शॉर्टकट दिसतील आणि जुना निवडला गेला तर ‘हो’ दाबल्यावर फोन जुन्या नंबरला लागेल. समिती बदलली तर नव्या सेक्रेटरींचा नंबर कळवा, त्यांना लिंक आम्हीच पाठवू.